मॅकवर गेम घेण्याआधी: थेट चालवायचा, क्लाउडवर खेळायचा की सोडून द्यायचा

मॅकवर गेम चालतात का, या प्रश्नाला उत्तर नाही, कारण प्रश्नच चुकीचा आहे. काही गेम मॅकवर उत्तम चालतात, काही अजिबात चालत नाहीत, आणि मधले बरेचसे असे आहेत की चालतात खरे, पण तुमच्या लॅपटॉपवर नाही. म्हणून प्रत्येक गेमपुरता वेगळा विचार करावा लागतो आणि तो पैसे भरायच्या आधी करावा लागतो. हा लेख त्यासाठीच आहे. ज्यांच्याकडे मॅकबुक आधीच आहे, तो मुख्यतः कामासाठी किंवा अभ्यासासाठी घेतलाय, आणि आता त्यावर काय खेळता येईल हे बघायचंय, त्यांनी वाचावा. नुसतं गेमिंगसाठी लॅपटॉप घ्यायचा असेल तर मॅक घेऊ नका, एवढं सांगून तो विषय मी इथेच सोडतो.

उदाहरण म्हणून माझ्या भाचीची यादी घेऊ. तिच्याकडे एम२ चिपचा मॅकबुक एअर आहे, ८ जीबी मेमरी आणि २५६ जीबी स्टोरेजचा. तिला चार गेम हवे होते: स्टारड्यू व्हॅली, सायबरपंक २०७७, पोर्टल २ आणि व्हॅलोरंट. या चौघांची उत्तरं चार वेगळी निघाली, म्हणूनच ही यादी मला सोयीची वाटते.

सुरुवातीला हाताशी काय हवं

- लॅपटॉपची चिप, मेमरी, मॅकओएसची आवृत्ती आणि रिकामी जागा, हे सगळं एका कागदावर
- स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानाचं खातं (खातं फुकट असतं)
- दोन बटणांचा साधा माउस किंवा ब्लूटूथचा कंट्रोलर. ट्रॅकपॅडवर शेती करता येईल, नेम धरता येणार नाही
- क्लाउडचा, म्हणजे दूरच्या सर्व्हरवर चालणारा गेम इंटरनेटवरून खेळायचा विचार असेल तर ५ गिगाहर्ट्झचं वायफाय, आणि शक्य असेल तर यूएसबी-सीला लागणारा इथरनेट अडॅप्टर

१. आधी लॅपटॉप ओळखा

डावीकडे वरच्या कोपऱ्यातल्या सफरचंदावर क्लिक करून `About This Mac` उघडा. तिथे `Chip` या नावापुढे `Apple M1`, `Apple M2` असं काही दिसलं तर तुमचा मॅक ॲपलच्या स्वतःच्या चिपचा आहे. हे मॅक २०२० च्या शेवटापासून बाजारात आले. त्याऐवजी `Processor` आणि `Intel` दिसलं तर तो जुन्या पिढीचा. इंटेलच्या मॅकवर बूट कॅम्प वापरून विंडोज टाकता येतं आणि विंडोजचे गेम खेळता येतात, ती सोय नव्या चिपवर नाही. पण ॲपलने मॅकओएस २६ ही इंटेल मॅकसाठीची शेवटची आवृत्ती असल्याचं जाहीर केलंय, त्यामुळे त्या वाटेवर आता नवीन खर्च करण्यात अर्थ नाही. यापुढचं सगळं ॲपलच्या चिपबद्दल आहे.

त्याच खिडकीत `Memory` बघा. इथे विंडोजवाल्यांची सवय घात करते. विंडोजच्या गेमिंग लॅपटॉपमध्ये ग्राफिक्स कार्डाला स्वतःची वेगळी मेमरी असते. मॅकमध्ये एकच मेमरी प्रोसेसर आणि ग्राफिक्स दोघं मिळून वापरतात. म्हणजे ८ जीबीच्या मॅकवर सिस्टीम, उघडा राहिलेला ब्राउझर, गेम आणि गेमची सगळी चित्रं त्या ८ जीबीतच बसवायची. ही मेमरी नंतर वाढवता येत नाही, त्यामुळे हा आकडा म्हणजे तुमच्या यादीची पक्की मर्यादा.

दुसरी मर्यादा पंख्याची. ॲपल चिपच्या मॅकबुक एअरमध्ये पंखा नाहीच, प्रोमध्ये असतो (तेरा इंची आणि त्यावरच्या सगळ्यांत). एअर तापला की चिप स्वतःच वेग कमी करते. हा दोष नाही, रचनाच तशी आहे. पण याचा अर्थ असा की पहिली दहा मिनिटं जो गेम सुरेख चालला तो अर्ध्या तासाने तसाच चालेल याची खात्री नाही. चौथ्या पायरीत ते कसं तपासायचं ते येतंच.

२. दुकानाच्या पानावरचं सफरचंद म्हणजे हमी नव्हे

स्टीमवर गेमच्या पानावर किमतीच्या पट्टीत विंडोजचं आणि ॲपलचं चिन्ह असतं. ॲपलचं चिन्ह दिसलं की नवखा माणूस गेम घेऊन मोकळा होतो. त्या चिन्हाचा अर्थ एवढाच की या गेमची मॅकची आवृत्ती कधीतरी निघाली होती. ती आज तुमच्या मॅकवर उघडेल का, हे त्यावरून कळत नाही.

अडचण अशी की मॅकच्या आवृत्त्या तीन पिढ्यांच्या आहेत. सर्वांत जुन्या ३२ बिटच्या. २०१९ मध्ये मॅकओएस कॅटलिना आली तेव्हा ॲपलने ३२ बिटचा आधार पूर्ण बंद केला आणि त्या दिवसापासून हे गेम मेले. भाचीच्या यादीतला पोर्टल २ याच गटातला. २०११ मध्ये तो मॅकवर आला होता, तेव्हा जोरात चाललाही, पण आजच्या मॅकवर ती आवृत्ती उघडत नाही. अशा बऱ्याच गेमच्या पानावर स्टीम तशी सूचना छापतं. ती `System Requirements` च्या आसपास बारीक अक्षरात असते, म्हणून `macOS` ची टॅब उघडून शेवटपर्यंत वाचा.

दुसरी पिढी इंटेलसाठी बनलेल्या ६४ बिट गेमची. हे ॲपल चिपवर थेट चालत नाहीत, पण रोझेटा २ नावाची सोय त्यांचं भाषांतर करून चालवते. पहिल्यांदा असा गेम उघडला की मॅक रोझेटा टाकू का म्हणून विचारतो, हो म्हणायचं, पुढे लक्षात ठेवायचं काही नाही. वेग थोडा कमी पडतो, पण हलक्या गेममध्ये तो जाणवत नाही. मात्र रोझेटाला मुदत आहे: ॲपलने ती मॅकओएस २७ पर्यंत पूर्ण ठेवायचं सांगितलंय, त्यानंतर जुन्या, आता कोणी सांभाळत नाही अशा गेमपुरताच तिचा काही भाग राहणार. म्हणून आज इंटेलचा गेम घेताना बघा की त्याचे बनवणारे अजून त्यात बदल करतायत का. शेवटचा पॅच चार-पाच वर्षांपूर्वीचा असेल तर तो सवलतीच्या किमतीतच घ्यावा, आणि लगेच खेळून संपवावा.

तिसरी पिढी ॲपल चिपसाठीच बनलेल्या गेमची, यांनाच नेटिव्ह म्हणतात. बाल्डर्स गेट ३, नो मॅन्स स्काय, रेसिडेंट ईव्हिल ४, असॅसिन्स क्रीड शॅडोज, सायबरपंक २०७७ हे मोठे गेम आता या गटात आहेत. २०२२ पर्यंत अशी यादी एका हाताच्या बोटांवर मोजता आली असती.

गेम आधीच उतरवलेला असेल आणि तो कुठल्या पिढीचा हे बघायचं असेल तर स्टीममध्ये त्याच्या नावावर उजवं क्लिक करून `Manage`, मग `Browse local files` निवडा. जी फाइल दिसेल ती निवडून कमांड आणि आय दाबा. उघडलेल्या खिडकीत `Kind` या ओळीत `Application (Apple silicon)` किंवा `Application (Universal)` असेल तर नेटिव्ह, `Application (Intel)` असेल तर रोझेटावरचा.

३. कुठल्या दुकानातून घ्यायचा

ही पायरी बहुतेक जण वगळतात आणि नंतर तोच गेम दुसऱ्यांदा विकत घेतात.

मोठे नेटिव्ह गेम बहुधा दोन ठिकाणी मिळतात, मॅक ॲप स्टोअरवर आणि स्टीमवर. ॲप स्टोअरवर घेतलेला गेम ॲपलच्या उपकरणांपुरताच तुमचा होतो. काही गेमच्या बाबतीत त्याच खरेदीत आयफोन आणि आयपॅडवरही खेळता येतं, हा त्याचा फायदा. पण तो क्लाउडवर चालवता येत नाही, आणि उद्या विंडोजचा संगणक आला तर त्यावरही नाही. स्टीमवर घेतला तर मॅक आणि विंडोज दोन्हींच्या आवृत्त्या एकाच किमतीत तुमच्या होतात. त्याहून महत्त्वाचं म्हणजे जिफोर्स नाऊसारख्या क्लाउड सेवेला तुमचं स्टीमचं खातं जोडता येतं आणि तोच गेम तिथून चालवता येतो.

याचा उपयोग भाचीच्या सायबरपंकच्या वेळी दिसतो. त्या गेमची मॅकची आवृत्ती २०२५ च्या जुलैत आली. नेटिव्ह आहे, एम१ पासूनच्या चिपवर चालते, पण मेमरी किमान १६ जीबी मागते. हिच्याकडे ८. ॲप स्टोअरवरून घेतला असता तर तिचे पैसे तिथेच अडकले असते. स्टीमवरून घेतल्यामुळे आज क्लाउडवर आणि पुढे कधी १६ जीबीचा मॅक आला तर थेट, अशा दोन्ही वाटा उघड्या राहिल्या. म्हणून माझा नियम साधा आहे: गेम स्टीमवर असेल तर स्टीमवरच घ्यायचा. जो फक्त ॲप स्टोअरवरच आहे आणि तुमच्या मॅकवर नक्की चालणार आहे, तेवढाच तिथून.

काही गेम मात्र स्टीमवर फक्त विंडोजचे आणि ॲप स्टोअरवर फक्त मॅकचे असतात. रेसिडेंट ईव्हिल ४ चं तसंच आहे. तेव्हा स्टीमच्या पानावर ॲपलचं चिन्ह आहे का हे बघितल्याशिवाय «मॅकवर आलाय» या बातमीवर भरवसा ठेवू नका.

४. परतीच्या मुदतीत खरी परीक्षा घ्या

स्टीमवर खरेदीनंतर १४ दिवसांच्या आत आणि खेळण्याचा वेळ दोन तासांपेक्षा कमी असेल तर पैसे परत मागता येतात. या दोन तासांत गेम नुसता उघडा ठेवून चहाला गेलात तरी घड्याळ चालू असतं. तेव्हा गेम पूर्ण उतरल्यावर, चार्जर लावून, बाकीची ॲप बंद करून बसा आणि हे दोन तास परीक्षेसाठी वापरा.

गेम उघडण्याआधी एक आकड्यांची पट्टी चालू करून घ्या. ही ॲपलचीच सोय आहे. टर्मिनल उघडून हे टाका, मग स्टीम पूर्ण बंद करून पुन्हा सुरू करा:

```
launchctl setenv MTL_HUD_ENABLED 1
```

आता गेममध्ये उजव्या कोपऱ्यात एक छोटी चौकट दिसेल. त्यातला `FPS` हा आकडा म्हणजे सेकंदाला किती चित्रं उमटतायत तो. कथेच्या, संथ गेमला ३० चालतात, मारधाडीच्या गेमला ६० हवेत. पट्टी नंतर नको असेल तर `launchctl unsetenv MTL_HUD_ENABLED` टाकून स्टीम परत सुरू करायचं.

पहिली गोष्ट म्हणजे रिझोल्यूशन कमी करा. एम२ एअरचा पडदा २५६० बाय १६६४ चा आहे आणि बरेच गेम उघडताच तोच आकडा धरतात. एवढे ठिपके रंगवायला तिथल्या ग्राफिक्सची ताकद पुरत नाही. गेमच्या सेटिंगमध्ये १४४० बाय ९०० च्या आसपासचा आकडा निवडा, आणि `MetalFX` असा पर्याय दिसला तर तो चालू करा. तो कमी ठिपक्यांचं चित्र काढून ते मोठं करून दाखवतो. तेरा इंची पडद्यावर फरक शोधावा लागतो, पण वेग मात्र लगेच वाढलेला दिसतो.

आता गेम सलग चाळीस मिनिटं खेळा, तेही गर्दीच्या भागात. सुरुवातीची गुहा किंवा मेनू यावरून काही ठरवू नका. मग दोन खुणा बघायच्या. पहिले दहा-पंधरा मिनिटं आकडा ५५-६० वर होता आणि नंतर हळूहळू ४० वर येऊन तिथेच स्थिरावला, तर ती उष्णता. एअरवर हे होणारच. तो स्थिरावलेला आकडा म्हणजे खरा आकडा, तेवढ्यावर समाधान असेल तर गेम ठेवा. दुसरी खूण वेगळी असते: आकडा एरवी ठीक असतो, पण नव्या जागेत शिरताना किंवा गाडी वेगाने वळवताना चित्र क्षणभर थिजतं. ही मेमरी कमी पडल्याची खूण. खात्री करायला गेम चालू असतानाच कमांड आणि टॅबने बाहेर येऊन `Activity Monitor` मधली `Memory` टॅब बघा. तिथला `Memory Pressure` चा आलेख हिरवा असेल तर ठीक, पिवळा असेल तर ओढाताण चालू आहे, लाल झाला तर सेटिंग कितीही कमी केलं तरी उपयोग नाही. उष्णतेवर सेटिंग कमी करून मार्ग निघतो, मेमरीवर सहसा निघत नाही. लाल दिसला की गेम परत करा.

स्टारड्यू व्हॅलीला यातलं काहीच लागलं नाही. तो इतका हलका आहे की रोझेटावर असो वा नेटिव्ह, फरक कळायला जागाच नाही. अशा दोन मितींच्या, हाताने चितारलेल्या, छोट्या चमूंनी केलेल्या गेमसाठी मॅक अगदी निर्धास्त आहे. २५६ जीबीच्या लॅपटॉपवर त्यांची आणखी एक सोय म्हणजे जागा. बाल्डर्स गेट ३ एकटा १५० जीबी मोकळी जागा मागतो. असा एखादा हवाच असेल तर बाहेरची एसएसडी घ्या, ती `Disk Utility` मधून `APFS` प्रकारात फॉरमॅट करा आणि स्टीमच्या `Storage` सेटिंगमध्ये ती जोडा. फिरत्या तबकडीची जुनी हार्ड डिस्क यासाठी वापरू नका.

५. क्लाउड: आधी जाळं तपासा, मग वर्गणी भरा

क्लाउड गेमिंगमध्ये गेम दूरच्या सर्व्हरवर चालतो, तुमच्या मॅकवर फक्त त्याचा व्हिडिओ येतो आणि तुमची बटणं तिकडे जातात. त्यामुळे चिप, मेमरी, पंखा हे सगळे प्रश्न बाजूला पडतात. नवा प्रश्न येतो तो अंतराचा.

सेवा निवडताना पहिला फरक समजून घ्या. जिफोर्स नाऊवर गेम तुमच्या मालकीचा लागतो. स्टीम किंवा एपिकवर घेतलेला गेम तुम्ही तिथे चालवता, म्हणजे वर्गणी संगणकाच्या भाड्याची. एक्सबॉक्सच्या क्लाउडमध्ये मुख्यतः गेम पासच्या वर्गणीतले गेम ब्राउझरमधून चालतात आणि तिथे कंट्रोलर हाताशी असलेला बरा. दोन्हींत प्रत्येक गेम नसतो. गेम कोणता चढवायचा हे गेमची कंपनी ठरवते. म्हणून सेवेच्या यादीत नाव शोधल्याशिवाय क्लाउडच्या भरवशावर गेम विकत घेऊ नका. आणि सेवा तुमच्या भागात अधिकृतपणे आहे का, हेही आधीच बघा. नसेल तर आडमार्गाने दूरच्या देशातल्या सर्व्हरला जोडून खेळण्यात मजा राहत नाही, कारण पुढचा आकडा.

जिफोर्स नाऊच्या मते सर्व्हरपर्यंत जाऊन यायला ८० मिलिसेकंदांपेक्षा कमी वेळ लागायला हवा, आणि ४० च्या आत असेल तर उत्तम. वेग १०८० पी आणि ६० फ्रेमसाठी २५ एमबीपीएस पुरतो. लोक वेगाची फुशारकी मारतात, पण ३०० एमबीपीएसचं कनेक्शन असूनही गेम अडखळू शकतो. ॲपमध्ये `Settings` मध्ये सर्व्हरच्या नावाशेजारी जाळं तपासायची सोय आहे, ती वापरा. फुकटच्या खात्यावरही ती चालते. संध्याकाळी, घरात सगळे ऑनलाइन असताना तपासा. सकाळी सहाचा निकाल कामाचा नाही.

आता एक असा दोष सांगतो जो ॲपलच्या उपकरणांनाच होतो आणि ज्यामुळे लोक चांगल्या सेवेला नावं ठेवतात. लक्षण असं: वेग भरपूर, अंतर ठीक, तरी दर थोड्या वेळाने चित्र झटका खातं, आणि तो झटका जवळजवळ तालात येतो. भाचीकडे हेच होत होतं. कारण बहुतेक वेळा एअरड्रॉप असतं. एअरड्रॉपसाठी मॅक आसपासची ॲपल उपकरणं शोधत राहतो, आणि ते करायला त्याचं वायफाय मधूनमधून दुसऱ्या चॅनलवर डोकावून येतं. वेबपेज बघताना याचा पत्ताही लागत नाही, गेममध्ये लगेच लागतो. तपासायला `System Settings` मध्ये `Wi-Fi` खाली जोडलेल्या नेटवर्कच्या `Details` मध्ये राउटरचा पत्ता बघा आणि टर्मिनलमध्ये तो टाका. पत्ता असा असेल तर:

```
ping -c 40 192.168.1.1
```

घरातल्याच राउटरपर्यंत जाऊन यायला चार-पाच मिलिसेकंद लागायला हवेत. ओळीमागून ओळ ४, ५, ४ आणि मध्येच ८०, पुन्हा ४, ५, पुन्हा ९० असं दिसलं, तर दोष तुमच्या घरात आहे, कंपनीच्या सर्व्हरमध्ये नाही. मग हे करा:

```
sudo ifconfig awdl0 down
```

पासवर्ड मागेल, तो टाइप करताना अक्षरं उमटत नाहीत, घाबरू नका. यानंतर एअरड्रॉप बंद पडतं, आणि पुन्हा `ping` केल्यावर मोठे आकडे गेलेले असतील तर निदान बरोबर. हा बदल कायमचा नाही. लॅपटॉप परत सुरू केला की, आणि बऱ्याचदा त्याआधीच, मॅक ते स्वतःहून चालू करतो, म्हणून खेळायला बसताना दर वेळी आज्ञा द्यावी लागते. कंटाळा येत असेल तर इथरनेटची तार लावा. तार लावली की या झटक्यांचा प्रश्नच उरत नाही.

डेटाचा हिशोबही करून ठेवा. २५ एमबीपीएस म्हणजे सेकंदाला साधारण ३ मेगाबाइट, तासाला ११ जीबीच्या आसपास. रोज दीड तास खेळलं तर महिन्याला ५०० जीबी होतात. कनेक्शनला मर्यादा असेल तर गुणवत्ता ७२० पीवर आणा. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर खेळायचा विचार सोडून द्या, अंतराचा आकडा तिथे सतत वरखाली होतो.

वर्गणी भरण्याआधी जिफोर्स नाऊच्या फुकटच्या खात्यावर तोच गेम खेळून बघा. तिथे रांगेत थांबावं लागतं आणि एक सत्र तासाभराचं असतं, पण तुमचं जाळं पुरेसं आहे का हे कळायला तासभर बास. सायबरपंकचं भाचीने असंच ठरवलं. तार लावल्यावर गाडी चालवताना उशीर जाणवला नाही, मग वर्गणी घेतली.

६. विंडोजचाच गेम, क्लाउडवरही नाही: क्रॉसओव्हर

ही शेवटची वाट, आणि सर्वांत खटपटीची. क्रॉसओव्हर हे विकतचं सॉफ्टवेअर विंडोजशिवाय विंडोजचे गेम मॅकवर चालवतं. त्याच्या मुळाशी वाइन नावाचा जुना मुक्त प्रकल्प आहे आणि त्यात ॲपलने २०२३ मध्ये दिलेल्या गेम पोर्टिंग टूलकिटमधला एक महत्त्वाचा भाग वापरता येतो. १४ दिवस फुकट वापरून बघता येतं. त्यात नवी `bottle`, म्हणजे विंडोजच्या गेमसाठीची वेगळी पेटी, करून तिच्यात विंडोजचं स्टीम टाकायचं, आणि मग त्या स्टीममधून गेम उतरवायचा. मॅकचं स्टीम वेगळं आणि हे वेगळं; नवखे हमखास मॅकच्या स्टीममध्ये विंडोजचा गेम शोधत बसतात आणि तिथे `Install` चं बटण का येत नाही असं विचारतात.

पोर्टल २ सारख्या जुन्या, एकट्याने खेळायच्या गेमला ही वाट चांगली. मूळ गेमच हलका असल्यामुळे भाषांतराचा बोजा ८ जीबीच्या एअरलाही झेपतो. नव्या, जड गेमसाठी मात्र १६ जीबीखाली प्रयत्न करू नका, कारण गेमच्या भुकेत वर भाषांतराची भूक मिळते. पहिल्या वेळी गेम अडखळतो, कारण ग्राफिक्सचे तुकडे तेव्हाच तयार होत असतात. वीस मिनिटांनी तोच भाग परत खेळा आणि मग मत बनवा. क्रॉसओव्हर रोझेटावर विसंबून आलंय, त्यामुळे मॅकओएसची नवी मोठी आवृत्ती आली की क्रॉसओव्हर तिच्यासाठी तयार आहे का बघूनच मॅक अपडेट करा.

जुन्या लेखांत आणि व्हिडिओंत व्हिस्की नावाचं फुकट ॲप सुचवलेलं दिसेल. त्याचं काम २०२५ मध्ये थांबलं, ते नव्याने टाकू नका.

७. जे सोडूनच द्यायचं

एकमेकांविरुद्ध ऑनलाइन खेळायच्या गेममध्ये चिटिंग रोखणारं सॉफ्टवेअर असतं, आणि त्यातली काही विंडोजच्या अगदी गाभ्यात जाऊन बसतात. व्हॅलोरंटचं व्हॅनगार्ड तसंच आहे. मॅकवर असा गाभाच नाही म्हटल्यावर क्रॉसओव्हरमध्ये कितीही खटपट केली तरी तो गेम सुरू होत नाही, आणि जुगाड सांगणाऱ्या व्हिडिओंच्या मागे लागून खातं बंद व्हायची जोखीम वेगळीच. व्हॅलोरंटची मॅकची आवृत्ती नाही. भाचीच्या यादीतलं हे नाव तिथेच खोडलं. गंमत म्हणजे त्याच कंपनीचा लीग ऑफ लेजेंड्स मॅकवर थेट चालतो, कारण तिथे मॅकसाठी वेगळी व्यवस्था आहे. म्हणजे कंपनीवरून अंदाज बांधू नका, गेमवरूनच बघा.

काउंटर-स्ट्राइकचं थोडं वेगळं झालं. जुनी आवृत्ती मॅकवर होती, पण २०२३ मध्ये काउंटर-स्ट्राइक २ आला तेव्हा तो बनवणाऱ्या व्हॉल्व्हने मॅक वगळला. तो जिफोर्स नाऊवर मिळतो, मात्र निशाण साधायच्या गेममध्ये क्लाउडचे वीस-तीस मिलिसेकंदही जाणवतात. मित्रांबरोबर गंमत म्हणून ठीक. क्रमवारीत वर चढायचं असेल तर घरातला विंडोजचा संगणकच लागतो. डोटा २ मात्र मॅकवर थेट आहे, त्या प्रकारची हौस असेल तर तिकडे बघा.

माउस वापरणार असाल तर शेवटी एवढं करा: `System Settings` मध्ये `Mouse`, तिथे `Advanced` आणि मग `Pointer acceleration` बंद. हे चालू असलं की हात जितका वेगाने हलवाल तितकी बाणाची उडी लांब जाते, आणि नेम धरणाऱ्या गेममध्ये हाताला कधीच सवय होत नाही. क्लाउडवरही हे लागू होतं, कारण माउस अजून तुमच्याच मॅकला जोडलेला आहे.